फेब्रुवारीत तीनशे का?

तृतीय वर्ष बी.कॉम.च्या वर्गाला मी करआकारणी शिकवते. दरवर्षी परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो: प्रत्यक्ष कर आणि अप्रत्यक्ष कर यांची तुलना करा. त्याचं उत्तरही दरवर्षी हमखास एकच असतं. प्रत्यक्ष कर न्याय्य असतो, कारण तो ऐपतीप्रमाणे घेतला जातो. अप्रत्यक्ष कर गोळा करायला सोपा असतो, महसूल भरपूर देतो, पण गरीब आणि श्रीमंत दोघांकडून सारखाच घेतला जातो, म्हणून अन्याय्य. मुलं हे पाठ करतात आणि पैकीच्या पैकी गुण मिळवतात. मीही बरीच वर्षं ते देत आले.

गेल्या वर्षी एका मुलाने मला अडवलं. त्याचे वडील एका खासगी एजन्सीत सुरक्षारक्षक आहेत. मी घरातली एखादी पगारपावती आणायला सांगितली होती, ती त्याने आणली होती. चार घड्या घातलेला कागद, घड्यांवर शाई उडालेली. एकूण पगार १३,५००. त्यातले मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १२,०००. त्यावर भविष्यनिर्वाह निधीचे १२ टक्के म्हणजे १,४४०. ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, १०२. आणि शेवटच्या ओळीत ‘पी.टी. – २००’, म्हणजे व्यवसाय कर. हातात ११,७५८. दुसरी पावती फेब्रुवारीची होती, तिथे दोनशेच्या जागी तीनशे. त्याने विचारलं, “मॅडम, फेब्रुवारीत तीनशे का? त्या महिन्यात दिवस तर कमी असतात.”

उत्तर सोपं आहे. अकरा महिने दोनशे म्हणजे २,२००, त्यात फेब्रुवारीचे तीनशे मिळवले की २,५००. एका माणसाकडून व्यवसाय कर म्हणून वर्षाला यापेक्षा जास्त घेता येत नाही असं राज्यघटनेच्या २७६व्या कलमात लिहिलं आहे, आणि आपलं महाराष्ट्र राज्य बरोबर तेवढेच घेतं. हे सांगून मी पुढे जाणार होते. तेवढ्यात मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “मग मॅडम, तुमच्या पगारातूनही तेवढेच?” हो. माझ्या पगारातून तेवढेच, प्राचार्यांच्या पगारातून तेवढेच, आणि मुंबईतल्या एखाद्या कंपनीच्या सर्वोच्च अधिकाऱ्याच्या पगारातूनही तेवढेच, २,५००.

व्यवसाय कर हा प्रत्यक्ष कर आहे. पगारातून कापला जातो, ज्याच्या नावाने कापला त्याच्याच खिशातून जातो, दुसऱ्यावर ढकलता येत नाही. पाठ्यपुस्तकाच्या व्याख्येत तो चपखल बसतो. पण पाठ्यपुस्तकाच्या निष्कर्षात, म्हणजे ‘न्याय्य’ या शब्दात, तो बसतो का, हा माझा प्रश्न आहे. माझं म्हणणं असं की प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष या पाट्यांवरून कराचा न्याय ठरतच नाही. तो ठरतो दरांच्या पायऱ्या कुठे बांधल्या आहेत यावर. आपल्याकडच्या व्यवसाय करात त्या पायऱ्या इतक्या खाली राहून गेल्या आहेत की आता त्या हलवायलाच हव्यात.

वर्गात आम्ही पहिला प्रश्न घेतला तो टक्क्याचा. कर किती रुपये हे विचारू नका, उत्पन्नाच्या किती टक्के ते काढा, आणि एकाच माणसाचं काढून थांबू नका. सुरक्षारक्षकाचं वर्षाचं उत्पन्न १,६२,०००. त्यातले २,५०० म्हणजे दीड टक्क्याहून थोडे जास्त. एका मुलीने तिच्या मामाचा पगार धरला, महिना दीड लाख, वर्षाला अठरा लाख. त्याच्यासाठी २,५०० म्हणजे ०.१४ टक्के. रक्षकावरचा भार मामाच्या अकरापट. उत्पन्न वाढेल तसा टक्का घसरत जाणाऱ्या कराला आपण प्रतिगामी कर म्हणतो, आणि पुस्तकात हा शब्द अप्रत्यक्ष करांच्या प्रकरणात शिकवतो. इथे तो प्रत्यक्ष करात सापडला.

मग आम्ही रक्षकाच्या घरच्या जीएसटीचा, म्हणजे अप्रत्यक्ष कराचा, हिशेब मांडला. हा हिशेब मुलांनी घरखर्चाच्या अंदाजावरून केला आहे, तेव्हा तो पाहणीचा आकडा म्हणून कुणी वाचू नये. पण दर खरे आहेत. घरभाडं ३,००० – राहत्या घराच्या भाड्यावर जीएसटी नाही. भाजी, दूध, अंडी, सुटं धान्य मिळून ३,२०० – त्यावरही नाही. तेल, साखर, चहा, गॅस, साबण, बिस्किटं, औषधं, कपडे यांचे महिन्याला २,६२५ – यांवर ५ टक्के. किंमत करासहित असते, म्हणून २,६२५ ला २१ने भागायचं, कर निघतो १२५. दोन मोबाइलचं रिचार्ज आणि कपडे धुण्याची पावडर मिळून ७०८ – यांवर १८ टक्के, म्हणजे आतला कर १०८. एकूण २३३ रुपये महिना. वर्षाला २,७९६, उत्पन्नाच्या १.७ टक्के.

फळ्यावर दोन आकडे शेजारीशेजारी आले तेव्हा वर्ग गप्प झाला. ज्याला आपण अन्याय्य म्हणून शिकतो त्या अप्रत्यक्ष कराने या घरातून वर्षभरात २,७९६ घेतले. ज्याला न्याय्य म्हणतो त्या प्रत्यक्ष कराने २,५००. जवळपास सारखेच.

इथे दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात, नाहीतर हिशेब एकांगी होईल. वडील सायकलने कामाला जातात, म्हणून यादीत पेट्रोल नाही. मोटारसायकल असती तर आकडा बराच बदलला असता, कारण पेट्रोल जीएसटीच्या बाहेर आहे आणि त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट असे दोन्ही बसतात. दुसरं, ज्या भाजीवर जीएसटी नाही ती भाजी टेम्पोने येते आणि टेम्पोत डिझेल असतं. भाडेकरूने भाड्यावर कर दिला नाही, पण घर बांधताना सिमेंटवर दिलेला कर घरमालकाने भाड्यात धरलेलाच असतो. करमाफ वस्तूच्या पोटात असा लपलेला कर राहतो. तो किती, हे वर्गात बसून मोजता येत नाही. पण २३३ हा दिसणारा कर आहे, खरा त्याहून जास्त, एवढं मुलांनी लिहून घ्यावं.

मामाच्या घरचाही हिशेब झाला. गृहकर्जाचा हप्ता, शाळेची फी, भाजीदूध असे ३०,००० करमाफ. ५ टक्क्यांच्या वस्तू २१,००० च्या, त्यात १,००० कर. इंटरनेट, विजेची उपकरणं, गाडीची दुरुस्ती वगैरे ३५,४०० चे, बहुतेक १८ टक्क्यांत, म्हणून सगळेच तसे धरले – त्यात ५,४०० कर. महिन्याला ६,४००, म्हणजे उत्पन्नाच्या सव्वाचार टक्क्यांच्या आसपास. रक्षक १.७, मामा ४.३. पाठ्यपुस्तकाच्या उलट! अप्रत्यक्ष कर इथे ऐपतीप्रमाणे चढला. कारण गरीब घराचा मोठा खर्च भाड्यावर आणि सुट्या भाजीधान्यावर होतो, आणि ती दोन्ही करजाळ्याच्या बाहेर आहेत. कोपऱ्यावरची भाजीवाली जीएसटीत नोंदलेली नसते. मध्यमवर्गाचा खर्च मॉल, ॲप आणि बिल देणाऱ्या दुकानांत होतो.

पण यावरून जीएसटी न्याय्य आहे अशी उडी एका मुलाने मारली, तिथे मला त्याला थांबवावं लागलं. महिना दहा लाख कमावणारं घर धरा. ते खर्च करून करून किती करील? अडीच लाख धरू. त्यात जीएसटी पंचवीस हजार धरू. टक्का परत अडीचवर आला. उरलेले साडेसात लाख शेअर, जमीन, ठेवी यांत गेले आणि खर्चावरच्या करातून सुटले. खर्चावरचा कर मधल्या थरापर्यंत चढतो आणि माथ्यावर घसरतो. माथ्यावरचा माणूस फक्त उत्पन्नावरच्या कराने पकडता येतो. मामाचा आयकर आम्ही नव्या पद्धतीने काढला: अठरा लाखांतून ७५,००० ची प्रमाणित वजावट, उरलेले १७,२५,०००, त्यावर पायरीपायरीने कर १,४५,००० आणि त्यावर चार टक्के उपकर, एकूण १,५०,८००. म्हणजे ८.४ टक्के. रक्षकाचा आयकर शून्य. न्याय कशाला म्हणतात ते या ओळीत दिसतं, आणि तो आयकर ‘प्रत्यक्ष’ असल्यामुळे आलेला नाही, चढत्या पायऱ्यांमुळे आलेला आहे.

आता या ओळीशेजारी आणखी एक ओळ ठेवा. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर लागत नाही. पगारदाराला वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत. म्हणजे महिना लाखभर कमावणाऱ्याला केंद्र सरकार म्हणतं, तुझ्याकडून उत्पन्नावरचा कर नको. आणि महिना साडेतेरा हजार कमावणाऱ्याला राज्य सरकार म्हणतं, तुझ्याकडून अडीच हजार हवेत. दोन्ही कर पगारावरचेच. मला हे वर्गात समजावून सांगता येत नाही. खरं सांगायचं तर समजावून सांगावंसं वाटतही नाही.

हे असं झालं कसं, याला इतिहास आहे, आणि तो लाजिरवाणा मुळीच नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी योजना उभी केली. तिची कल्पना मांडणाऱ्या वि. स. पागे यांचं नाव तिच्याशी कायमचं जोडलं गेलं आहे. मागेल त्याला काम द्यायचं तर पैसा हवा, म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. कल्पना स्वच्छ होती: ज्याला नियमित पगार आहे, धंदा आहे, त्याने ज्याला काम नाही त्याच्यासाठी थोडं द्यावं. तेवढीच भर सरकारनेही घालायची असं ठरलं. १९७७ मध्ये हमीचा कायदाच झाला. त्या काळी नियमित पगारदार माणूस गावाकडच्या भूमिहीन मजुराच्या मानाने निश्चितच वरच्या पायरीवर होता. कराची रचना सपाट असली तरी तो पैसा ज्याच्या हातात जात होता तो सगळ्यात खालचा होता. म्हणून वर्गात मी हाही प्रश्न विचारते: कराचा न्याय फक्त घेण्याच्या बाजूने मोजायचा की देण्याच्या बाजूनेही? सत्तरच्या दशकातला व्यवसाय कर दोन्ही बाजू धरून मोजला तर न्याय्यच ठरतो, असं माझं मत आहे.

पण पुढे तीन गोष्टी बदलल्या. घटनेत या कराची कमाल मर्यादा आधी वर्षाला २५० रुपये होती. १९८८ मध्ये साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० केली. त्या सुमारास आयकराची करमुक्त मर्यादा वर्षाला १८,००० होती. म्हणजे २,५०० हा तेव्हा भल्या पगाराच्या माणसासाठीचा आकडा होता. त्यानंतर ती मर्यादा हललेली नाही. वरचं छत तिथेच राहिलं. दुसरीकडे खालची पायरीही मागे राहिली: पुरुषाला महिना ७,५०० पर्यंत माफी, ७,५०१ ते १०,००० पर्यंत १७५ रुपये, आणि १०,००० च्या वर थेट पूर्ण कर. आज पूर्णवेळ नोकरीतला, किमान वेतन मिळणारा बहुतेक प्रत्येक जण दहा हजारांच्या वर असतो. महागाईने पगाराचा आकडा फुगवला, माणूस गरीबच राहिला, आणि कायद्याच्या लेखी तो सगळ्यात वरच्या पायरीवर पोचला. तिसरी गोष्ट, २००५ मध्ये केंद्राचा रोजगार हमी कायदा झाला आणि मजुरीचा मोठा वाटा केंद्राच्या तिजोरीतून येऊ लागला. ज्या कारणासाठी पगारदाराकडून हा कर मागितला होता ते कारण पूर्वीइतकं भक्कम राहिलं नाही.

कुणी कट करून हे केलेलं नाही. पायऱ्या असलेल्या करात रुपयांचे आकडे गोठवून ठेवले आणि महागाई चालू राहिली की पायऱ्या झिजतात आणि शेवटी एक सपाट पट्टा उरतो. ज्या करात प्रत्येक डोक्यामागे ठरलेली रक्कम असते त्याला डोईपट्टी म्हणतात. ब्रिटनमध्ये मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने स्थानिक सेवांसाठी अशी डोईपट्टी आणली, १९८९ मध्ये स्कॉटलंडमध्ये आणि १९९० मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये. सरदार आणि सफाई कामगार यांना एका गावात एकच रक्कम. मार्च १९९० मध्ये लंडनच्या रस्त्यांवर दंगल झाली आणि १९९३ मध्ये ती पट्टी जाऊन घराच्या किमतीवर आधारलेला कर आला. आपल्याकडे दंगल होण्याचं कारण नाही, रक्कम लहान आहे. पण रचना तीच झाली आहे.

आता सोपेपणाचा प्रश्न. व्यवसाय कर सोपा आहे, यात शंका नाही. मालकाने नोंदणी करायची, पगारातून कापायचे, भरायचे. कामगाराला काही करावं लागत नाही, फॉर्म नाही, पॅन नाही, सीए नाही. जीएसटीशी तुलना केली तर स्वर्गच. तिथे एकाच वस्तूला पिशवीवरून कर ठरतो: जुलै २०२२ पासून पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या तांदळावर ५ टक्के आला, पण २५ किलोपर्यंतच. मग काही व्यापाऱ्यांनी २६ किलोच्या गोण्या काढल्या. तांदूळ तोच, फक्त किलोभर जास्त. सप्टेंबर २०२५ मध्ये १२ आणि २८ टक्क्यांच्या पायऱ्या गेल्या, बहुतेक माल ५ किंवा १८ वर आला, हे चांगलं झालं. पण पिशवीचा प्रश्न तसाच आहे.

तरीही ‘सोपा’ म्हटलं की मी मुलांना विचारते, कोणासाठी? पगारदारासाठी व्यवसाय कर सोपा आहे, कारण त्याला पर्यायच नाही. स्वतःचा धंदा करणाऱ्याने मात्र आपणहून नावनोंदणी करून २,५०० भरायचे असतात. कितीतरी जण ती करतच नाहीत, आणि जे करतात त्यांचीही फसगत होते. आमच्या गल्लीत एका काकांनी झेरॉक्सचं दुकान बंद केलं, पण व्यवसाय कराची नोंदणी रद्द करायची असते हे त्यांना कुणी सांगितलं नाही. काही वर्षांनी थकबाकी आणि व्याजाची नोटीस आली. दुकान बंद होतं हे सिद्ध करायला ते जुनी लाइटबिलं शोधत बसले. ज्याच्या पगारातून कापायचं तो सोपा, ज्याच्याकडे जाऊन मागायचं तो अवघड. म्हणून सोप्या कराचा भार आपोआप त्यांच्यावर पडतो ज्यांना पळता येत नाही. हा सोपेपणाचा अन्याय पुस्तकात नाही, तो मी फळ्यावर लिहिते.

सोपेपणाचा आणखी एक दुष्परिणाम मुलांनी स्वतः शोधला. एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर माफ आहे. त्याच्यावर गेलं की पूर्ण दोनशे. एक मुलगी म्हणाली, माझ्या ताईला २४,९०० मिळतात, तिला दीडशेची वाढ झाली तर? आम्ही हिशेब केला. पगार २५,०५०. वर्षाला वाढ १,८००. व्यवसाय कर २,५००. बढती मिळून ताई वर्षाला ७०० रुपयांनी खाली गेली. हा उंबरठ्याचा कर झाला. आयकरात बारा लाखांच्या सीमेवर असं होऊ नये म्हणून सीमांत सवलत ठेवली आहे: सीमेच्या थोडं वर गेलेल्याला, सीमेवर जेवढे जास्त कमावले त्याहून जास्त कर बसत नाही. व्यवसाय करात तशी सोय नाही, कारण ती घातली की तो तेवढा सोपा राहत नाही. सोपेपणाची किंमत ताईने मोजली.

महिलांची ही माफी मला मनापासून योग्य वाटते. पण तिच्यामुळे एक वेगळाच प्रश्न उभा राहिला. न्यायाचे दोन अर्थ असतात: उभा न्याय, म्हणजे ज्याची ऐपत जास्त त्याने जास्त द्यावं, आणि आडवा न्याय, म्हणजे सारख्या ऐपतीच्या माणसांनी सारखं द्यावं. एकाच कारखान्यात, एकाच पाळीत नवराबायको काम करतात, दोघांना वीस-वीस हजार. तिला शून्य, त्याला अडीच हजार. बायकांना पगार कमी मिळतो, घरचं काम त्यांच्याच डोक्यावर असतं, म्हणून त्यांना सवलत हवी, हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण सुरक्षारक्षकाचं घर त्याच्या एकट्याच्या पगारावर चालतं. तिथे ही सवलत पोचत नाही. बायको घरी शिवणकाम करते, तिला पगारपावतीच नाही.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. राज्याने पुरुषांसाठीही माफीची मर्यादा २५,००० करावी, आणि त्याच्यावर एकदम दोनशे न लावता चाळीस हजारांपर्यंत चढत्या पायऱ्या ठेवाव्यात. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. राज्याच्या कायद्याच्या परिशिष्टातला तक्ता बदलला की झालं, २०२३ मध्ये तेच केलं होतं.

यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही वर्गात आले. पहिला, दोनशे रुपयांनी काय होतं? ज्याच्या हातात ११,७५८ येतात त्याच्या घरी एका मोबाइलचं महिन्याचं रिचार्ज होतं, आणि मुलाचा अभ्यास त्याच मोबाइलवर चालतो. दुसरा, प्रत्येक नागरिकाने थोडा तरी कर द्यावा, त्याशिवाय सरकारला जाब विचारायचा हक्क कसा वाटेल? या म्हणण्यात तथ्य आहे. दिसणारा कर माणसाला जागा ठेवतो. त्या मुलाच्या वडिलांना दोनशे रुपये पाठ होते. महिन्याला २३३ रुपये जीएसटी जातो हे त्यांना मुलाने सांगेपर्यंत माहीत नव्हतं. पण मग त्यावर इलाज किराणा दुकानात बिल मिळणं आणि त्यावर कर छापलेला असणं हा आहे. कर ते देतच आहेत. तो दिसावा म्हणून आणखी एक घ्यायचा, हे मला पटत नाही.

तिसरा आक्षेप महसुलाचा, आणि तो सगळ्यात वजनदार आहे. पगारावरचा आयकर लावायचा अधिकार केंद्राकडे आहे. राज्याला मिळतो तो वाटा. जीएसटीचे दर केंद्र आणि राज्यांच्या परिषदेत ठरतात. राज्याच्या एकट्याच्या हातातले कर थोडे: मद्यावरचं शुल्क, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, मुद्रांक शुल्क, वाहन कर, आणि हा. म्हणून कुठलंच राज्य तो सहजासहजी सोडत नाही. माफी दिलेला प्रत्येक माणूस २,५०० कमी करतो; एक लाख माणसं म्हणजे पंचवीस कोटी. माफी दिलेल्यांची संख्या दहा लाख निघाली तर अडीचशे कोटी, चाळीस लाख निघाली तर हजार कोटी. ही रक्कम कुठून भरून काढायची, हे न सांगता माफी मागणं म्हणजे अर्धंच गणित सोडवणं.

एका मुलाने सुचवलं, दारूवर वाढवा. जून २०२५ मध्ये राज्याने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याचं उत्पादन शुल्क वाढवलंच होतं. दुसऱ्याने लगेच विचारलं, दारू पिणारे बहुतेक कुठल्या घरांतले असतात, आणि एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात ठेवल्यासारखं होणार नाही का? मला हा दुसरा मुलगा बरोबर वाटला. मद्यावरच्या करामागे आरोग्याचं कारण असू शकतं, पण रक्षकाला दिलेली माफी रक्षकाच्याच वस्तीतून वसूल करायची असेल तर कागदावरचे आकडे जुळतील, न्याय जुळणार नाही.

खरी वाट वरच्या छतातून जाते. २,५०० ची मर्यादा संसदेने एकदा वाढवली आहे. पुन्हा वाढवता येईल. ती वर्षाला दहा हजार झाली आणि राज्याने फक्त महिना लाखाच्या वरच्यांना पूर्ण दराने लावली, तर अठरा लाखांच्या मामाला दहा हजार म्हणजे अर्ध्या टक्क्याहून थोडंच जास्त. असा एक जण आत्ताच्या २,५०० शिवाय ७,५०० जास्त देतो, म्हणजे तीन रक्षकांची माफी एकट्याने भरून काढतो. गोळा करायची पद्धत तीच राहते, मालक कापतो, फॉर्म वाढत नाही. माझा स्वतःचा कर वाढेल. वाढू दे.

यात एक अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. घटनादुरुस्ती दिल्लीत होते आणि तिला वेळ लागतो. तोपर्यंत राज्याने तूट सोसायची का? माझं उत्तर आहे, हो, कारण खालची पायरी वर करणं राज्याच्या हातात आहे आणि छत वर करणं नाही, आणि जे हातात आहे ते, जे हातात नाही त्याच्यासाठी अडवून ठेवू नये. अर्थखात्यातला माणूस याच्या उलट सांगेल, आणि त्याचंही ऐकायला हवं, कारण तूट शेवटी कुठल्यातरी शाळेच्या, दवाखान्याच्या खर्चातून जाते.

या वर्षीच्या सराव परीक्षेत मी तुलनेचा तो जुना प्रश्न काढून टाकला. त्याऐवजी एक पगारपावती छापली आहे, नाव नसलेली, १३,५०० ची, आणि शेजारी दुसरी दीड लाखाची. दोघांनी दिलेल्या प्रत्येक कराचा उत्पन्नाशी टक्का काढा. कुठला कर कोणासाठी सोपा आहे ते लिहा. एक पायरी बदला आणि त्याने किती महसूल जाईल, तो कोणाकडून आणाल ते सांगा. पावती फेब्रुवारीची आहे.